९८.६ या आकड्याची गोष्ट: लाइपझिगच्या काखेपासून मुलुंडच्या कपाळापर्यंत

१/ जानेवारी २०२०. अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या पूर्वेला पसरलेल्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर चीनहून उतरणाऱ्या प्रवाशांच्या शरीराचे तापमान तपासले जाऊ लागले. पुढच्या काही महिन्यांत हीच तपासणी घाटकोपरच्या सोसायटीच्या फाटकावर, बोरिवलीच्या स्थानकावर आणि मुलुंडच्या किराणा दुकानाच्या पायरीवर येऊन पोहोचली. कपाळासमोर पिस्तुलासारखे एक यंत्र धरायचे, आवाज आला की आकडा वाचायचा आणि माणूस आत सोडायचा.

२/ त्या दिवसांत अनेकांनी एक गंमत पाहिली असेल. पहारेकऱ्याच्या यंत्रावर ९४, ९५, कधी ९३ असे आकडे सर्रास उमटत. हे फॅरनहाइट खरे मानले तर अर्धे उपनगर गारठून इस्पितळात भरती व्हायला हवे होते! माणसे मात्र ठणठणीत होती. म्हणजे चूक आकड्याच्या उगमात कुठेतरी होती. ती शोधायची तर दीडशे वर्षे मागे जावे लागते, कारण 'ताप' ही मोजायची गोष्ट आहे ही कल्पनाच तितकी जुनी आहे.

३/ त्यापूर्वी ताप हा आकडा नव्हता, तो अनुभव होता. मराठीने त्याच्या छटा किती बारकाईने टिपल्या आहेत पाहा: अंगात कणकण असते, कसर असते, अंग कोमट लागते, माणूस तापाने फणफणतो. आयुर्वेदाने तर तापाला कालक्रमाने ओळखले. विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक हे पाच प्रकार ताप किती चढला यावरून पाडलेले नाहीत. तो केव्हा येतो, केव्हा जातो, किती दिवसांनी परततो, यावरून पाडलेले आहेत. हा धागा लक्षात ठेवावा, शेवटी तो पुन्हा हाती लागेल.

४/ तापमापकाचे मापन आधी निर्माण झाले आणि शरीर नंतर त्यात बसवले गेले. डॅनियल फॅरनहाइटने १७२४ साली आपल्या मापकाची बैठक प्रसिद्ध केली, तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणाला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातील किंवा काखेतील उष्णतेला ९६ असे आकडे दिले होते. होय, ९६! पुढे उकळत्या पाण्याचा २१२ हा बिंदू पक्का धरून मापनाची दुरुस्ती झाली आणि शरीराचा आकडा वर सरकला. निसर्गाने कुठेही ९८.६ लिहून ठेवलेले नाही.

५/ ते लिहिले कार्ल वुंडरलिश या जर्मन वैद्याने. लाइपझिगच्या रुग्णालयात त्याने वर्षानुवर्षे रोग्यांचे तापमान नोंदवले आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे पंचवीस हजार रुग्ण आणि लाखो नोंदी, असा त्या कामाचा लौकिक आहे. तापमापक काखेत ठेवला जाई. निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस, आणि ३८ च्या पुढे गेले की ताप, असे त्याने ठरवले.

६/ आता थोडे अंकगणित. सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट मिळते. ३७ चे ९८.६ होतात, ३८ चे १००.४ होतात. वुंडरलिशचा ३७ हा गोळाबेरीज आकडा होता. भाषांतरात त्याला दशांश चिकटला आणि तो अतिशय नेमका दिसू लागला. '९८.४ म्हणजे ताप नाही, ९८.८ म्हणजे थोडासा आहे', असे घराघरांत बोलले जाते ते या दशांशाच्या भ्रमामुळे.

७/ वुंडरलिशचे काम थोर होते. तापाचा आलेख पाहून रोग ओळखता येतो, ही त्याची दृष्टी आजही खरी आहे. पण त्याचे उपकरण? फिलाडेल्फिया येथील म्यूटर संग्रहालयात त्याच्या तापमापकांपैकी एक जतन केलेला आहे. अमेरिकन वैद्य फिलिप मॅकोविआक यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा तो आजच्या उपकरणांपेक्षा एक अंश सेल्सिअसहून अधिक जास्त दाखवत असल्याचे आढळले. शिवाय तो काखेत असतानाच वाचावा लागे. बाहेर काढला की पारा खाली येई.

८/ ही अडचण व्यवहारातही मोठी होती. एका हाताएवढी लांब काचेची नळी, आणि ती वीस मिनिटे तशीच धरून ठेवायची! १८६६-६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लीड्सच्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सुमारे सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम संपवणारा तापमापक तयार करवला आणि वैद्याच्या खिशात प्रथमच ताप मोजण्याचे साधन आले.

९/ या काचेच्या तापमापकाची सारी खुबी त्याच्या गळ्यात आहे. पाऱ्याच्या गोळ्याच्या वर नळी किंचित आवळलेली असते. तापाने फुगलेला पारा ती खिंड ओलांडून वर जातो, पण थंड झाल्यावर आपणहून मागे येऊ शकत नाही. म्हणून तो बाहेर काढून निवांत वाचता येतो, आणि म्हणूनच पुढच्या वेळी तो झटकावा लागतो. झटकला नाही तर आधीच्या रोग्याचा ताप नव्या रोग्याच्या नावे मांडला जातो.

१०/ हे साधन वैद्यांच्या खिशात रुळले, आणि १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. शहरातून माणसे पळू लागली. रेल्वेच्या वाटेवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. अंगात ताप आणि जांघेत वा काखेत गाठ ही संशयाची खूण होती, आणि संशयिताला गाडीतून उतरवून ठेवत.

११/ त्या मुंबईत हिवतापही बारमाही होता. त्याचा छडा लावण्यासाठी डॉ. चार्ल्स बेंटली यांना बोलावले गेले आणि त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. अशा शहरात 'ताप आहे' या एकाच कारणावरून माणूस अडवला तर काय होणार? प्लेग नसलेला हिवतापाचा रोगी अडकणार, आणि प्लेगचा जंतू अंगात घेऊन निघालेला, पण अजून ताप न आलेला, निसटणार. उपकरण बिनचूक असले तरी हे घडते. ताप हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे.

१२/ मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच १८९७ चा कायदा. आणि फाटकावरचे पिस्तूल त्याच मर्यादेत सापडले. लागण झालेल्या पण ताप न चढलेल्या माणसाला ते ओळखू शकत नव्हते. तापनाशक गोळी घेऊन आलेल्यालाही नाही. यात भर पडली ती त्या यंत्राच्या स्वतःच्या खोडीची.

१३/ ते यंत्र शरीराच्या आतले तापमान मोजतच नाही. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. यंत्र कपाळाच्या कातडीचे ते किरण टिपते, कातडीचे तापमान काढते आणि मग ठरावीक सूत्राने 'तोंडात मोजले असते तर किती आले असते' याचा अंदाज पडद्यावर लिहिते. कपाळाची कातडी मात्र शरीरातील सर्वांत उघडा भाग. घाम, पंखा, ऊन, पाऊस, वातानुकूलित डबा यांचा हिशेब ती क्षणाक्षणाला मांडत असते.

१४/ मग ९३ कुठून आले? बरेचदा यंत्रावर दोन पद्धती असतात: एक शरीरासाठी, दुसरी दुधाची बाटली वा पाण्याची बादली अशा पृष्ठभागांसाठी. दुसरी पद्धत चालू राहिली तर यंत्र सुधारणा न करता कातडीचाच आकडा सांगते, आणि कपाळाच्या कातडीला ९३-९४ अगदी स्वाभाविक आहे. मनगटावर रोखले तर आणखी कमी. कपाळासमोर बंदुकीसारखे काही नको म्हणून पुष्कळ ठिकाणी मनगट पुढे केले गेले. सौजन्य म्हणून ठीक, मापन म्हणून निरर्थक.

१५/ योग्य रीत अशी. बाहेरून आल्यावर पंधरा मिनिटे घरात बसावे, पंखा थेट अंगावर नको. कपाळ कोरडे पुसावे, केस बाजूला करावेत. यंत्रही त्याच खोलीत तितकाच वेळ पडलेले असावे. गार खोलीतून गरम खोलीत आणलेले यंत्र चुकते. भुवयांच्या मधोमध, कातडीला काटकोनात, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर (बहुतेक यंत्रांत ते तीन ते पाच सेंटिमीटरच्या आसपास असते) धरावे. तीन वेळा घ्यावे. तिन्ही आकडे एकमेकांपासून दूर असतील तर हात, अंतर किंवा घाम यांपैकी काहीतरी चुकले आहे. आणि कपाळाचा आकडा जास्त निघाला, किंवा हाताला अंग गरम लागूनही कमी निघाला, तर काखेत किंवा तोंडात पुन्हा मोजावे.

१६/ कानाचे यंत्रही अवरक्त किरणांवरच चालते, पण ते कानाच्या पडद्याकडे पाहते आणि तिथला रक्तपुरवठा मेंदूच्या जवळचा असल्याने तत्त्वतः ते अधिक विश्वासार्ह आहे. अट एकच: त्याला पडदा दिसला पाहिजे. कानाची नळी वाकडी असते. म्हणून मोठ्यांचा आणि वर्षाच्या वरच्या मुलांचा कान मागे आणि वर ओढून, तर त्याहून लहानांचा सरळ मागे ओढून नळी सरळ करावी लागते. मळाचा गोळा आड आला तर आकडा कमी येतो. उशीवर दाबून झोपलेला कान गरम असतो, त्याला थोडा वेळ मोकळा सोडावा. सहा महिन्यांच्या आतील बाळाची नळी फारच अरुंद, तिथे हे यंत्र वापरू नये.

१७/ आता घराघरांतला खरा कामकरी: पांढरा, टोकाला धातूची टोपी असलेला डिजिटल तापमापक. पारा आता निरोप घेत आहे. जपानच्या मिनामाता उपसागराच्या पारा-प्रदूषणाचे नाव धारण करणारा करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि टप्प्याटप्प्याने बंद करावयाच्या वस्तूंच्या त्याच्या यादीत पाऱ्याचा तापमापकही आहे. आजीच्या कपाटात तो असेलच तर फुटू देऊ नये. फुटलाच तर खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. केरसुणी किंवा धूळशोषक यंत्र लावू नये, त्याने पारा पसरतो.

१८/ डिजिटल तापमापकाच्या टोकात एक छोटा अर्धवाहक असतो. उष्णतेने त्याचा विद्युत्-विरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. पण 'बीप' म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. बीप म्हणजे तापमान चढण्याचा वेग मंदावला, एवढेच. काखेत टोक नीट बसले नसेल तर वेग लवकर मंदावतो, बीपही लवकर वाजतो आणि आकडा कमी राहतो. म्हणून काखेत मोजताना घाम पुसावा, टोक काखेच्या मध्यभागी कातडीला चिकटलेले असावे, मध्ये कपडा नसावा, दंड छातीशी घट्ट दाबून धरावा. मुंबईच्या मे महिन्यात काख कोरडी ठेवणे हेच निम्मे काम! बीपनंतरही दोनेक मिनिटे ठेवून पाहावे. आकडा वर सरकत असेल तर पहिला खोटा होता. काचेचा असेल तर आधी झटकून ९६ च्या खाली आणावा आणि काखेत पुरी पाच मिनिटे ठेवावा.

१९/ तोंडात मोजायचे तर टोक जिभेच्या मधोमध वर नव्हे, जिभेखाली मागच्या बाजूला. ओठ मिटलेले हवेत, श्वास नाकाने. नुकताच कटिंग चहा झाला असेल किंवा बर्फाचा गोळा, तर किमान पंधरा मिनिटे, शक्यतो अर्धा तास थांबावे. चार-पाच वर्षांखालील मुले ओठ मिटून बसत नाहीत, त्यांच्यासाठी काखच बरी. गुदमार्गाचे मापन आतल्या तापमानाच्या सर्वांत जवळचे असते, पण तान्ह्या बाळाचे घरी स्वतःच्या हिकमतीने करू नये, ते शिकवून घेतल्याशिवाय धोक्याचे आहे.

२०/ इथे इतिहास पुन्हा दारात येतो. १९९२ साली मॅकोविआक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांचे तापमान तोंडात, दिवसातून अनेकदा, आधुनिक उपकरणाने मोजले. सरासरी आली ३६.८ सेल्सिअस, म्हणजे ९८.२. वुंडरलिशच्या ३७ ला त्या नोंदींत काही खास स्थान दिसले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की माणूस पहाटे थंड आणि संध्याकाळी उबदार असतो. पहाटे सहाच्या सुमारास निरोगी माणसाची वरची मर्यादा ९८.९ निघाली, तर दिवसातली एकूण वरची मर्यादा ९९.९.

२१/ म्हणून प्रौढांसाठी वैद्यकाची पाठ्यपुस्तके साधारण असे म्हणतात: तोंडात मोजता सकाळी ९८.९ च्या वर किंवा संध्याकाळी ९९.९ च्या वर म्हणजे ताप. व्यवहारात बहुतेक ठिकाणी वुंडरलिशची १००.४ हीच सीमा वापरतात, कारण ती ओलांडली की शंकेला फारशी जागा उरत नाही. संध्याकाळचे ९९.४ मात्र ताप नव्हे. लोकलमधून उतरून जिना चढल्याबरोबर मोजले तर ते कोणालाही येईल.

२२/ म्हाताऱ्या माणसांचे गणित वेगळे. त्यांचे मूळ तापमानच खाली असते आणि गंभीर संसर्गातही ते फारसे चढत नाही. वृद्धांच्या निवासांसाठी अमेरिकी तज्ज्ञांनी केलेल्या मार्गदर्शनात तोंडातील एकदाच १०० च्या वरचे, वारंवार ९९ च्या वरचे, किंवा नेहमीपेक्षा सुमारे दोन अंश फॅरनहाइट वाढलेले तापमान ताप धरले आहे. शेवटची अट फार शहाणपणाची आहे. पण ती वापरायची तर आजोबांचे 'नेहमीचे' किती, हे बरे असताना एकदा मोजून ठेवलेले असले पाहिजे. किती घरांत ते ठेवले जाते?

२३/ लहान मुलांत काख हीच प्रमाण जागा मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची बालरोगांविषयीची पद्धत आणि तिच्यावर आधारलेली भारतातील पद्धत काखेतील ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९९.५, किंवा अधिक असल्यास ताप धरते. गुदमार्गाने मोजले तर सीमा ३८, म्हणजे १००.४. दोन सीमा वेगळ्या आहेत कारण दोन जागा वेगळ्या आहेत. 'काखेत आहे ना, मग एक अंश मिळवा', हा घरगुती नियम टाळावा. काख आणि आतले शरीर यांतला फरक प्रत्येक वेळी एक अंशाचा नसतो. मिळवाबेरीज न करता डॉक्टरांना जागा आणि आकडा दोन्ही सांगावे.

२४/ दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र थांबायला सवड नसते. काखेत ९९.५ किंवा अधिक, आणि तितकेच गंभीर म्हणजे ३५.५ सेल्सिअसपेक्षा (सुमारे ९५.९) कमी, हे दोन्ही त्या पद्धतीत मोठ्या संसर्गाच्या शक्यतेचे चिन्ह आहे. त्यात अंग गार पडणे ही बरी बातमी नसते. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले असेल तर ते मोकळे करून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. तरीही आकडा तसाच असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर रात्र असली तरी निघावे. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांविषयीही बालरोगतज्ज्ञ हीच घाई सांगतात.

२५/ हे सारे एका घरात उतरवून पाहू. समजा जुलै महिना आहे, मुलुंड पश्चिमेचे घर, साडेचार वर्षांची मुलगी. दुपारी शाळेच्या दारात कपाळावरच्या यंत्राने ९६.४ दाखवले. आईच्या हाताला मात्र मान आणि पोट गरम लागते. आईचा हात ताप आहे की नाही हे सांगण्यात बरा, किती आहे हे सांगण्यात कच्चा. पण इथे हात आणि यंत्र यांची साक्ष जुळत नाही, म्हणजे पुन्हा मोजायचे. मुलगी पावसात भिजून आली होती, कपाळावर पाणी वाळत होते आणि वाळणारे पाणी कातडीची उष्णता घेऊन जाते.

२६/ केस पुसून, कोरडे कपडे घालून पंधरा मिनिटांनी तेच यंत्र: ९९.९, १००.१, १००. तिन्ही जवळजवळ. मग काखेत डिजिटल: बीपला १००.२, दोन मिनिटांनी १००.८ आणि तिथे स्थिर. आईने वहीत लिहिले: सोमवार, दुपारी ३.१०, काख, डिजिटल, १००.८. पुढच्या साऱ्या नोंदी याच तापमापकाने, याच काखेत. कपाळ, काख, कान यांचे आकडे एकाच ओळीत मांडले तर ताप चढला-उतरला असे वाटते, प्रत्यक्षात फक्त जागा बदललेली असते. गोळी वा औषध दिले तर त्याची वेळही शेजारी.

२७/ मंगळवारी १०२.६ पर्यंत, बुधवारी १०३. औषधाने उतरतो, काही तासांनी परत चढतो. मुंबईच्या पावसाळ्यात अशा तापाला तीन-चार नावे असू शकतात: हिवताप, डेंग्यू, लेप्टो, किंवा साधा विषाणूजन्य ताप. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पूर ओसरल्यानंतर आलेली लेप्टोची साथ या उपनगरांच्या स्मरणात आहे. १०३ हा आकडा यांतले एकही नाव सांगत नाही. ते रक्ततपासणी सांगते, आणि ती बुधवारी झाली: डेंग्यू.

२८/ गुरुवारी, संध्याकाळी सात: ९९. शुक्रवारी सकाळी सात: ९८.४. शेवटची मात्रा बुधवारी रात्री नऊला दिल्याचे वहीत आहे, म्हणजे हा उतार औषधाचा नाही. घरातले म्हणतील, सुटलो! डेंग्यूत नेमके इथे सावध व्हायचे असते. त्याचा धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि तापमापक काहीच बोलत नाही. पोटात सतत दुखणे, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांतले काही दिसले तर आकडा ९८.४ असला तरी थेट रुग्णालय.

२९/ या घरात मुलगी शुक्रवारी सकाळी उठली ती गळून गेलेली, पोट धरून बसलेली. रात्रीपासून लघवीला गेली नव्हती. आईने वही उचलली आणि रिक्षा बोलावली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'ताप केव्हा उतरला?' आईने पान उघडून दाखवले: गुरुवार, संध्याकाळी ७, काख, ९९, औषधाशिवाय. धोक्याचा काळ कोणत्या तासापासून मोजायचा, हे त्या एका ओळीने डॉक्टरांना सांगितले आणि सलाईन किती, रक्त पुन्हा केव्हा तपासायचे, याचे वेळापत्रक त्यावरून आखले गेले. तृतीयक आणि चतुर्थक ओळखणाऱ्या वैद्यांनी, आणि काखेतल्या आकड्यांचे आलेख काढणाऱ्या वुंडरलिशनेही, रोग्याच्या उशाशी बसून हाच प्रश्न विचारला असता.